सूर्य म्हापशाकडून उगवतो तेव्हा

माझे मामा निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीला त्रैराशिक लावतात. पेडण्याहून पहाटे निघालेल्या बसमध्ये त्यांनी ॲटनबरोच्या 'गांधी' चित्रपटाला ते लावलं. त्यातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाली. सुमारे तीन लाख माणसं जमली होती, अकरा पथकं कॅमेरे घेऊन उभी होती आणि एवढ्या सगळ्यातून पडद्यावर आला तो सव्वाशे सेकंदांचा प्रसंग. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सव्वाशे सेकंदांच्या तीन हजार फ्रेम. तीन लाख माणसांत वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका फ्रेमचा शंभरावा भाग.

"आणि आज आपण किती जण?" मामांनी विचारलं.

"साठ," पुढच्या सीटवरून कोऑर्डिनेटर म्हणाला.

"मग आपलं बरं आहे," असं म्हणून मामांनी डोळे मिटले.

कोऑर्डिनेटर म्हणजे गर्दी पुरवणारा माणूस. मुंबईत ज्युनियर आर्टिस्टांची संघटना आहे, तिचं कार्ड असतं, शिफ्टचे नियम असतात. आमच्याकडे कोऑर्डिनेटरचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर आदल्या रात्री संदेश येतो: 'उद्या क्राउड पाहिजे, पन्नास ते साठ, डिसेंट.' डिसेंट हा एक दर्जा आहे. त्यात कोण बसतं हे कोऑर्डिनेटर फोटो पाहून ठरवतो. मामांचा फोटो पाहून त्याने 'डिसेंट प्लस' असा शेरा दिला होता, आणि तो मामांनी मामीला मोठ्याने वाचून दाखवला होता. मी डब्याची पिशवी धरायला म्हणून निघालो होतो. बसमध्ये एकोणसाठच डोकी भरल्यामुळे मीही कलाकार झालो.

कपड्यांच्या सूचना मात्र स्पष्ट होत्या. पांढरा नको, कारण उन्हात कॅमेऱ्यावर तो भगभगतो. लाल नको, कारण नजर हिरॉइनवरून उडून त्याच्यावर जाते. बारीक रेघांचा नको, पडद्यावर त्या रेघा लवलवतात. छातीवर कंपनीचं चिन्ह नको, ते दाखवायला परवानगी लागते. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाच्या कपाटात पांढरा आणि बारीक रेघांचा याशिवाय तिसरा शर्ट कुठून येणार? मामांनी जावयाचा फिकट निळा शर्ट घातला होता. तो पोटावर घट्ट होता, म्हणून ते दिवसभर श्वास आत ओढून होते. याचा पुढे अभिनयावर परिणाम झाला.

मामांना साधा हौशी समजू नका. आमच्या पेडणे तालुक्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक झाल्याशिवाय देव प्रसन्न होत नाही असा समज आहे. नाटक मध्यरात्री सुरू होतं आणि उजाडताना संपतं. कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये मामांनी वर्षानुवर्षं संभाजी केला. पुढे वय वाढलं, तसा संभाजीचा शिवाजी झाला. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतही ते उतरले आहेत. तेव्हा 'क्राउड' हा शब्द त्यांनी सोयीने बाजूला ठेवला होता. "अमिताभचा पहिला सिनेमा 'सात हिंदुस्थानी'. एकोणसत्तर सालचा. गोवामुक्तीवरचाच," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोडलं.

म्हापसा, अस्नोडा करत बस डिचोलीला पोचली. शूटिंग एका वेबमालिकेचं होतं आणि त्यात हवा होता गोव्यातला मासळी बाजार. डिचोली शहरात खराखुरा बाजार आहे. तो सोडून शहराबाहेर, बंद पडलेल्या खाणीच्या कुशीतल्या तांबड्या माळावर नवा बाजार उभारला होता. खऱ्या बाजारात काय चूक होती, असं मी कोऑर्डिनेटरला विचारलं. तो म्हणाला, तिथे लोक कॅमेऱ्यात बघतात, प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात, वर नगरपालिकेचे फलक, आणि दुकानदारांना दिवसाचा धंदा भरून द्यावा लागतो. किनाऱ्यावर तर पर्यटकांची गर्दी हटवता हटवता दिवस जातो. इथे माळ मोकळा, समुद्र दिसत नाही हीच काय ती अडचण. ती आर्ट डिपार्टमेंटने निळा आणि पिवळा रंग फासून सोडवली होती. प्लायवूडच्या भिंती, लाकडी खिडक्या, कोपऱ्यात थर्माकोलचा क्रूस आणि दारावर 'मेर्कादो' अशी पाटी. डिचोलीत जन्मलेल्या माणसाला डिचोलीतला तो बाजार बघून परदेशात आल्यासारखं झालं असतं.

इथे मामांवर पहिला आघात झाला. कपडेपट बघणाऱ्या मुलाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "अंकल, आप गोवन नहीं लगते."

मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला १७८८ साली, त्यांच्या नव्या काबिजादीत. सासष्टी आणि बार्देशमध्ये त्यांना बस्तान बसवून तोवर दोनअडीच शतकं झाली होती. त्यामुळे चर्च, टोपी, गिटार हे जे तुम्हाला गोवा वाटतं, त्याचं आमच्याकडे फारसं काही आलं नाही. आमच्याकडे भगवती, दशावतार आणि पेडण्याची पुनव. मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि मामांच्या डोक्यावर गवती टोपी ठेवली. "अब लग रहे हो," तो म्हणाला.

मामांच्या शेजारी हरमलहून आणलेलं एक गोरं जोडपं उभं होतं. त्यांचा दर आमच्यापेक्षा जास्त, बसायला पंख्याखाली खुर्च्या. गोऱ्यांशिवाय गोव्याचा फील येत नाही, असं दिग्दर्शकाचं मत होतं. त्या जोडप्याची अनेक हिवाळी हरमलला गेली होती आणि त्यातल्या बाईंनी मामांना कोंकणीतून विचारलं, "च्या घेतलो?" थोडक्यात, त्या सेटवर सर्वांत गोवेकर दिसणारी माणसं पेडण्याची नव्हती आणि सर्वांत गोवेकर बोलणारी माणसं गोव्याची नव्हती.

कॉल टाइम साडेपाचचा होता. हिरॉइन अकरापर्यंत येणार होती. मग आम्हाला साडेपाच तास आधी का बोलावलं? कारण गर्दीला दोन कामं असतात. एक हिरॉइनच्या मागून जाण्याचं आणि दुसरं हिरॉइन नसताना बाजार भरलेला दाखवण्याचं. हे दुसरं काम सकाळी आठच्या सुमारास सुरू झालं.

दाखवायची होती दोनशेच्या आसपास माणसं, आणि आम्ही होतो साठ. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला, पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या, आणि सगळ्यांना बजावलं की आता याला कुणी हात लावायचा नाही. जमिनीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी मारून बाजाराचे तीन भाग केले. आधी आम्ही साठ जण डाव्या भागात फिरलो. मग पळत जाऊन शर्ट बदलले, कुणी छत्री घेतली, कुणी सायकल, आणि मधल्या भागात फिरलो. मग उजव्या. पट्टी ओलांडायची नाही, कारण नंतर संगणकावर हे तीन तुकडे तिथेच जोडतात. जो पट्टी ओलांडेल तो अर्धा गायब होणार. हे सगळं भराभर उरकावं लागतं, कारण सूर्य चढला की सावल्या आखडतात. मग डावीकडची माणसं सकाळी बाजारात आलेली आणि उजवीकडची दुपारी, असं दिसतं. मामा पहिल्या फेरीत टोपी घालून, दुसऱ्या फेरीत छत्री घेऊन आणि तिसऱ्या फेरीत सायकल ढकलत गेले. चाल मात्र तिन्ही वेळा एकच होती. दरबारात प्रवेश करणाऱ्या महाराजांची.

नऊच्या आत हे संपलं. मग आम्ही थांबलो.

थांबणं म्हणजे काय, हे सेटवर गेल्याशिवाय कळत नाही. हे काम न करता बसणं नव्हे. तुम्हाला कुठल्याही क्षणी हाक येऊ शकते, त्यामुळे लांब जाता येत नाही, झोपता येत नाही, मेकअपवाल्याने लावलेले घामाचे थेंब पुसता येत नाहीत आणि अंगावरचा शर्ट बदलता येत नाही. गर्दीसाठी एक ताडपत्रीचा मांडव असतो. सावली सकाळी एका कडेला असते आणि दुपारी दुसऱ्या. साठ माणसं कुणी न सांगता हळूहळू सरकत असतात, आणि दिवसाच्या शेवटी सगळा समुदाय मांडवाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचलेला असतो.

पण आमच्या बसमधले लोक या कामासाठीच जन्मले होते असं मला वाटू लागलं. पेडण्याच्या माणसाला वाट बघण्याचं शिक्षण मोपा विमानतळाने दिलं. केंद्राने त्याला मंजुरी दिली २००० साली, पायाभरणी झाली २०१६ मध्ये, आणि पहिलं विमान प्रवासी घेऊन उतरलं ते जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात ज्यांची मुलं विमानतळावर नोकरीला लागणार होती, त्यांची नातवंडं शाळेत जाऊ लागली. डिचोलीचं शिक्षण खाणींनी केलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू होतात न होतात तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. आमच्यात डिचोलीचे एक ट्रकमालक होते. खनिज वाहणारा त्यांचा ट्रक बाजाराच्या मागे उभा करायला भाड्याने घेतला होता आणि मालकांना ट्रकासोबत फुकट आणलं होतं. ते घरून घडीची खुर्ची, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि वर्तमानपत्राच्या तीन पुरवण्या घेऊन आले होते.

"कंटाळा येत नाही?" मी विचारलं.

"आमी २०१२ सावन रावल्यात," ते म्हणाले आणि दुसरी पुरवणी उघडली. "हांगा रावपाचे पैशे तरी मेळटात."

अकरा वाजले, बारा वाजले. हिरॉइन म्हापशात अडकल्याची बातमी आली, मग ती अजून निघालीच नसल्याची आली. एक वाजता जेवणाच्या रांगा लागल्या. सेटवर जातिव्यवस्था जेवणात दिसते. कलाकारांचं ताट व्हॅनिटीत जातं. कॅमेरा, साउंड, लाइट या युनिटची एक रांग, आणि गर्दीची शेवटची. मासळी बाजारात सकाळपासून उभ्या असलेल्या साठ गोंयकारांना दुपारी पनीर वाढण्यात आलं. एका म्हाताऱ्याने वाटीत बोट बुडवून बघितलं आणि काही न बोलता वाटी बाजूला ठेवली. मामीने दिलेल्या डब्यात बांगड्याचं हुमण होतं. आमच्या भोवती जी माणसं जमली ती गर्दी अगदी नैसर्गिक होती. तिसऱ्या सहायक दिग्दर्शक मुलीने लांबून ते बघून म्हटलं, "बस, यही चाहिए मुझे शॉट में."

आता मासळीबद्दल. बाजारात खरी मासेवाली हवी म्हणून मोरजीहून एका मावशीला आणलं होतं. सकाळच्या शॉटसाठी तिच्यापुढे बांगड्यांचे आठ वाटे मांडले होते. सहायकाने प्रत्येक वाट्याचा फोटो काढून ठेवला, कारण दुपारच्या शॉटमध्येही तेच वाटे तसेच दिसले पाहिजेत. याला कंटिन्युइटी म्हणतात. मासे चकाकावेत म्हणून त्यांच्यावर पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारलं होतं. मावशीने ते बघितलं तेव्हाच तिचा या लोकांवरचा विश्वास उडाला.

दुपारी हिशेब लागला तेव्हा आठातले पाच वाटे शिल्लक होते. एक मांजराने नेला होता. उरलेले दोन मावशीने ग्लिसरीन धुऊन एका लाइटमनला विकले होते. तो वेंगुर्ल्याचा निघाला, आणि तो पनीर खाणार नाही हे तिने चेहऱ्यावरून ओळखलं होतं. सहायक मुलगा रडकुंडीला आला. डिचोलीच्या बाजारात माणूस पाठवला, पण तोवर बांगडे संपून तारले उरले होते. मग तारल्यांवर बर्फ पसरून वर पाच वाट्यांतले बांगडे विरळ मांडले. हे पडद्यावर कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. "तुमकां कळचें ना, आमकां कळटलें," मावशी म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण ही मालिका मोरजीच्या लोकांसाठी बनत नव्हती.

हिरॉइन तीनच्या पुढे आली. इथे खरी अडचण होती, आणि ती ज्या पद्धतीने सोडवली ते बघून मामांच्या आयुष्यभराच्या भूगोलाला तडा गेला.

प्रसंग सकाळचा होता. सकाळी घेतलेल्या रुंद शॉटमध्ये ऊन डावीकडून, साखळीच्या बाजूने पडलं होतं. आता सूर्य म्हापशाच्या बाजूला उतरत होता, म्हणजे तीच माणसं तिथेच उभी केली तर ऊन उजवीकडून पडणार आणि दोन शॉट एकमेकांना जुळणार नाहीत. कॅमेरामनने दोन मिनिटं आकाशाकडे बघितलं आणि बाजार फिरवायला सांगितला. मासळीचं मेज, टोपल्या, तराजू, मावशी, सगळं उलट दिशेला तोंड करून मांडलं. कॅमेरा समोरून उचलून मागे आला. आता ऊन पुन्हा डावीकडून. मागे सकाळची निळी भिंत नव्हती, तिथे ट्रक आणि खाणीचा ढीग होता. मग प्लायवूडची एक पिवळी पट्टी उचलून आणली, आणि कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लावली. अशा लेन्सने हिरॉइनचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि तिच्या मागचं सगळं विरघळून जातं. पिवळं काहीतरी, त्यापुढे हलणारं काहीतरी. उतरतं ऊन आणि कोवळं ऊन दोन्ही तिरकस आणि पिवळसर असतं, त्यामुळे संध्याकाळची सकाळ करणं सोपं जातं. फक्त थंडी वाजल्यासारखं करायला कुणाला सांगितलं नव्हतं, पण मामांनी ते स्वतःहून केलं.

"म्हणजे आज सूर्य म्हापशाकडून उगवला," मामा म्हणाले. मी हो म्हटलं. चौथीच्या पोरांना त्यांनी उगवतीकडे तोंड करून दिशा शिकवल्या होत्या. ते बराच वेळ गप्प होते.

मग मामांचं काम आलं. हिरॉइन मोबाइलवर बोलत बाजारातून येते. 'हॅलो' म्हणते, त्याच वेळी मामांनी पिशवी घेऊन तिच्या मागून डावीकडून उजवीकडे जायचं. याला पासिंग म्हणतात. मामांनी सहायक दिग्दर्शक मुलीला विचारलं की हा गृहस्थ कोण आहे. ती म्हणाली, "सर, आदमी है. सिर्फ चलना है." पण मामांचं तेवढ्याने भागणार नव्हतं. त्यांनी ठरवलं की हा गृहस्थ निवृत्त आहे, मुलगा दुबईला आहे, पाहुणे यायचे आहेत आणि बांगडा परवडत नाही. हे सगळं चार पावलांत दाखवायचं होतं. त्यात शर्टामुळे श्वास आत ओढलेला.

गर्दी हिरॉइनच्या आधी हलायला लागते. आधी 'बॅकग्राउंड' अशी हाक येते, माणसं चालू लागतात आणि मग 'ॲक्शन'. नाहीतर हिरॉइनने तोंड उघडल्यावर सगळा बाजार दचकून हलू लागलेला दिसतो. मामांना 'बॅकग्राउंड' ऐकूनही वाटायचं की ही हाक दुसऱ्या कुणासाठी आहे. पहिल्या टेकला ते 'ॲक्शन'ची वाट बघत उभे राहिले. दुसऱ्या टेकला निघाले, पण उत्सवी रंगभूमीचा पहिला नियम त्यांच्या अंगात मुरलेला आहे: प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. त्यामुळे ते हिरॉइनच्या मागून जाताना तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून आडवे आडवे सरकत गेले. मॉनिटरपाशी बसलेला दिग्दर्शक हेडफोन काढून म्हणाला, "वो अंकल लीड कर रहे हैं क्या?" तिसऱ्या टेकला ते इतके गंभीरपणे चालले की हिरॉइनच मागे वळून बघू लागली. सिनेमात गर्दीतल्या माणसाकडून मागतात ती एकच गोष्ट, आणि ती रंगभूमीच्या माणसाला सर्वांत अवघड जाते. आपण कुणीच असू नये.

यात मावशीचा प्रश्न वेगळाच होता. आवाज थेट टिपत होते, म्हणून हिरॉइन बोलत असताना बाजारात टाचणी पडली तरी ऐकू येता कामा नये. बाजाराचा गलबला नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करून खाली सारतात. म्हणून साठही जणांनी फक्त ओठ हलवायचे, हातवारे करायचे, घासाघीस करायची, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. चपलांचा आवाज येतो म्हणून दोघांच्या चपलांना खालून नमद्याचे तुकडे चिकटवले. तराजूत वजन ठेवायचं ते कापडात गुंडाळलेलं. आम्हाला हे जमलं. मावशीला सांगितलं तेव्हा ती त्या मुलीकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

"आगे बाये, उलयनासतना नुस्तें विकतात व्हय?"

तिला समजावलं. तिने मान डोलावली. 'बॅकग्राउंड', मग 'ॲक्शन', हिरॉइन आली, तिने 'हॅलो' म्हटलं, मामा पुढे झाले, आणि त्याच वेळी कुठल्यातरी गिऱ्हाइकाने ओठ हलवून भाव कमी केला. कमी म्हणजे काय ते मावशीने ओठांवरून वाचलं असावं. तिने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार असा खणखणीत आवाजात केला की मालवाहू ट्रकाच्या मालकांनी पुरवणी खाली ठेवली. 'कट' झालं. सगळे हसत होते. दिग्दर्शक हसत नव्हता. त्याने कॅमेरा मावशीकडे वळवायला सांगितला आणि तिला म्हणाला की आता पुन्हा तसंच करा. तिने विचारलं, आवाज काढून? तो म्हणाला, आवाज काढून. पुढची वीस मिनिटं, ऊन संपेपर्यंत, सगळं युनिट मावशीच्या समोर होतं. मामा पिशवी घेऊन आपल्या जागेवर उभे होते. जागा सोडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा टेक कधी 'ओके' झाला हे त्यांनाही कळलं नाही. झाला असावा, कारण पॅकअप झालं.

व्हाउचरवर सह्या व्हायला आणखी दीड तास गेला. बारा तासांची शिफ्ट होती आणि आम्ही चौदाव्या तासात होतो. कोऑर्डिनेटरचं म्हणणं, बस पेडण्याहून निघाली तिथपासून नव्हे, सेटवर हजेरी लावली तिथपासून तास मोजायचे. मामांचं म्हणणं, निवडणुकीच्या ड्युटीलाही सरकार इतकं करत नाही. ट्रकमालकांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि आपला जादा तासाचा पैसा रोख घेऊन निघून गेले. अनुभवाचा फरक पडतो.

मालिका काही महिन्यांनी आली. मामांच्या घरी वीसेक माणसं जमली, भिंतीवर मोठा टीव्ही, रिमोट मामांच्या हातात. हिरॉइन बाजारात आली, 'हॅलो' म्हणाली, आणि तिच्या कानामागून एक निळसर धूसर आकार तीन सेकंदांत डावीकडून उजवीकडे गेला. पिशवी ओळखू येत होती. पिशवी मामीची होती. मामांनी चित्र थांबवून थांबवून बहात्तर फ्रेम दाखवल्या, पण एकाही फ्रेममध्ये तो निवृत्त आहे, मुलगा दुबईला आहे, हे दिसत नव्हतं. कुणाला काय बोलावं कळेना.

मग रुंद शॉट आला. सकाळचा, दोनशे माणसांचा. धाकटा नातू टीव्हीपाशी जाऊन बोट लावत ओरडला, "आजोबा! हे पण आजोबा! हे पण!" डावीकडे टोपी घालून, मध्ये छत्री घेऊन, उजवीकडे सायकल ढकलत, त्या एकाच बाजारात एकाच वेळी तीन शिवाजी महाराज दरबारात प्रवेश करत होते. जोडणाऱ्याने शर्ट तपासले असतील, चाल तपासली नव्हती. हा शॉटही तीन सेकंदांचा होता. मामांनी लगेच त्रैराशिक मांडलं. तीन सेकंद गुणिले तीन मामा, बरोबर नऊ. अधिक हिरॉइनच्या कानामागचे तीन, एकूण बारा. हिरॉइनला या भागात किती मिळाले ते त्यांनी मोजायला घेतलं होतं, पण मामीने रिमोट काढून घेतला.

मावशी मात्र सहा सेकंद आहे. पडदाभर, स्पष्ट, आवाजासकट. तिची शिवी हिंदी उपशीर्षकांत 'यह ठीक दाम नहीं है' अशी आली आहे. परवा मी आणि मामा मोरजीला गेलो तेव्हा ती बसली होती. बांगड्याचा वाटा इतरांकडे शंभरला होता, हिच्याकडे दीडशेला. मी कारण विचारलं.

"टीव्हीर आयल्यां न्हय रे हांव."

मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा हात दाबला आणि मुकाट्याने दीडशे मोजून दिले. सहकलाकाराशी भावावरून बोलायचं नसतं, असं ते गाडीत बसल्यावर म्हणाले.